उपविजेता कोण? : सामन्यांचा वृक्ष आणि कमीत कमी तुलना

शालेय क्रीडास्पर्धांत वेळ थोडा आणि संघ अधिक असले की सामने बहुधा बाद पद्धतीने खेळविले जातात. हरलेला संघ स्पर्धेतून बाद होतो, जिंकलेला पुढच्या फेरीत जातो आणि अंतिम सामन्यात जिंकणारा विजेता व हरणारा उपविजेता म्हणून घोषित होतो. विजेत्याविषयी या पद्धतीत शंका घेण्याचे कारण नाही; कारण इतर प्रत्येक संघ एकदा तरी हरलेला असतो, आणि तोही विजेत्याकडून किंवा विजेत्याहून कमी ठरलेल्या संघाकडून. परंतु उपविजेत्याच्या बाबतीत मात्र या पद्धतीचा निर्णय गणिताच्या कसोटीस उतरत नाही. दुसऱ्या क्रमांकाचा खरा मानकरी पहिल्याच फेरीत विजेत्यासमोर आला, तर तो सकाळीच बाद होतो आणि संध्याकाळी त्याचे पारितोषिक दुसऱ्याच्या हाती पडते.

ही तक्रार नवी नाही. ऑक्सफर्ड येथील क्राइस्ट चर्च महाविद्यालयात अनेक वर्षे गणित शिकविणारे चार्ल्स डॉज्सन यांनी 1883 साली लॉन टेनिसच्या स्पर्धांतील पारितोषिकांसंबंधी एक पत्रिका लिहिली. बालवाङ्मयाच्या वाचकांस हे गृहस्थ ल्युइस कॅरोल या टोपणनावाने परिचित आहेत. बत्तीस खेळाडूंच्या स्पर्धेत दुसऱ्या प्रतीच्या खेळाडूला दुसरे पारितोषिक मिळण्याचा संभव एकतीसांत केवळ सोळा इतका आहे, असे त्यांनी दाखवून दिले. हा हिशेब प्राथमिक शाळेतील मुलांसही समजेल असा आहे. सर्वोत्तम खेळाडूची चिठ्ठी एका जागी पडल्यावर उरलेल्या जागा एकतीस. त्यांपैकी पंधरा जागा त्याच्याच अर्ध्या भागात आहेत. त्या भागात दुसरा उत्तम खेळाडू पडला, तर अंतिम सामन्यापूर्वीच केव्हातरी दोघांची गाठ पडणार आणि तो बाद होणार. पलीकडच्या अर्ध्या भागातील सोळा जागांपैकी एखादी मिळाली, तरच तो अंतिम सामन्यापर्यंत पोहोचणार. म्हणजे जवळजवळ निम्म्या वेळा पारितोषिक चुकीच्या हाती जाते.

यावर उपाय कोणता, आणि तो कमीत कमी किती सामन्यांत होतो, हा या लेखाचा विषय आहे. खेळाडूंच्या बाबतीत हार-जीत त्या त्या दिवसाच्या मनःस्थितीवरही अवलंबून असते. म्हणून वर्गात हा विषय मांडताना प्रथम तराजू घेणे सोयीचे. तराजूला थकवा येत नाही, आणि पहिली वस्तू दुसरीहून जड व दुसरी तिसरीहून जड असेल, तर पहिली तिसरीहून जड असणारच, याविषयी तेथे वाद राहत नाही.

सारख्या आकाराचे आठ पत्र्याचे डबे घ्यावेत. त्यांत वाळू व भुसा निरनिराळ्या प्रमाणात भरून झाकणे घट्ट लावावीत आणि वर क, ख, ग, घ, च, छ, ज, झ अशी अक्षरे लिहावीत. समजा, क 310 ग्रॅम, ख 480, ग 455, घ 290, च 350, छ 405, ज 420 आणि झ 265 ग्रॅम भरला. हे आकडे शिक्षकांनी आपल्या वहीत ठेवावेत. मुलांना ते सांगू नयेत आणि वजनेही देऊ नयेत. मुलांजवळ फक्त तराजू असावा. दोन पारड्यांत दोन डबे ठेवून कोणते पारडे खाली जाते एवढेच त्यांनी पाहावयाचे आहे.

पहिल्या फेरीत क आणि ख यांची तुलना होते व ख जड ठरतो. ग व घ यांत ग, च व छ यांत छ, ज व झ यांत ज. चार तुलना झाल्या, चार डबे उरले. दुसऱ्या फेरीत ख व ग यांत ख जड ठरतो, छ व ज यांत ज. शेवटच्या फेरीत ख व ज समोरासमोर येतात आणि ख जड ठरतो. फळ्यावर हे सर्व खालून वर असे मांडावे :

ख
ख — ज
ख — ग — छ — ज
क — ख — ग — घ — च — छ — ज — झ

खालच्या ओळीतील दोन-दोन अक्षरे रेघांनी जोडून वरच्या ओळीतील एकेका अक्षराशी मिळविली, म्हणजे फांद्या एकत्र येत येत शेंड्याशी एकच अक्षर राहते. म्हणूनच या आकृतीस वृक्ष म्हणतात. एकूण तुलना सात झाल्या. आठांतून एक विजेता निवडावयाचा म्हणजे सात डबे हरले पाहिजेत, आणि एका तुलनेत एकच डबा हरतो. तेव्हा सातांहून कमी तुलनांत हे काम कोणत्याही युक्तीने होणार नाही.

आता वर्गाला दुसऱ्या क्रमांकाचा डबा विचारावा. बहुतेक मुले ज असे उत्तर देतील, कारण तो शेवटच्या तुलनेपर्यंत टिकला. हे उत्तर लगेच चूक ठरवू नये. ग आणि ज हे दोन डबे मुलांच्याच हातांनी तराजूत घालावेत. ग चे पारडे खाली जाते आणि वर्ग विचारात पडतो. दुसऱ्याच फेरीत बाद झालेला डबा अंतिम फेरीतल्या डब्याहून जड कसा, हा प्रश्न मुलांकडूनच येऊ द्यावा. पुढचा सारा धडा त्या प्रश्नाच्या उत्तराचा आहे.

दुसऱ्या क्रमांकाच्या डब्याहून जड असा जगात एकच डबा आहे, तो म्हणजे विजेता. मग हा डबा हरला असेल तर कोणाकडून? फक्त विजेत्याकडून. ज्याला विजेत्याखेरीज इतर कोणी हरविले, त्याच्याहून जड असे दोन डबे झाले. तो दुसरा असणे शक्य नाही. म्हणून दुसऱ्या क्रमांकाचा शोध साऱ्या सात डब्यांत घेण्याचे कारण नाही. विजेत्याने ज्यांना स्वतः हरविले, तेवढेच उमेदवार. फळ्यावरील वृक्षात ख हे अक्षर शेंड्यापासून खाली येत येत ज्या वाटेने उतरते, त्या वाटेवर प्रत्येक ओळीत त्याच्या जोडीला जो डबा आहे तो टिपून घ्यावा : वर ज, त्याखाली ग, सर्वांत खाली क. तीन उमेदवार झाले. क व ग यांची तुलना केली, ग जड. ग व ज यांची तुलना केली, ग जड. दोन तुलनांत निर्णय लागला. दुसरा क्रमांक ग. एकूण तुलना सात अधिक दोन, म्हणजे नऊ.

येथे क या डब्याकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. तो 310 ग्रॅमचा, आठांत सहावा. तरीही त्याला उमेदवार म्हणून घ्यावे लागले. शिक्षकांना त्याचे वजन ठाऊक आहे, मुलांना नाही. मुलांच्या माहितीप्रमाणे तो फक्त एकदा आणि तेही सर्वांत जड डब्याकडून हरला आहे. तो दुसरा नाही असे म्हणण्यास त्यांच्याजवळ कोणताही पुरावा नाही. उलट छ हा 405 ग्रॅमचा असूनही उमेदवार नाही, कारण तो ज कडून हरला आणि ज ख कडून. वजन अधिक म्हणून उमेदवारी मिळत नाही. आतापर्यंतच्या तुलनांनी जो डबा दुसऱ्या क्रमांकाच्या बाहेर पडला नाही तो उमेदवार. हा भेद ज्या मुलांना उमगला, त्यांना या पाठातील तर्क समजला असे मानण्यास हरकत नाही.

वृक्षाऐवजी साधी रीत घेतली तर काय होते, हेही करून पाहावे. पहिला डबा एका पारड्यात ठेवून बाकीचे एकेक करून दुसऱ्या पारड्यात घालावयाचे आणि जो जड ठरेल तो ठेवून घ्यावयाचा. विजेता शोधण्यास येथेही सातच तुलना लागतात. परंतु सर्वांत जड डबा जर पहिल्यांदाच हाती आला, तर त्याने बाकीच्या सातांनाही स्वतः हरविलेले असते. उमेदवार सात, म्हणजे आणखी सहा तुलना आणि एकूण तेरा. गंमत अशी की तोच जड डबा सर्वांत शेवटी आला, तर त्याने एकालाच हरविलेले असते. मग तो एक डबा आपोआप दुसरा ठरतो आणि सात तुलनांतच दोन्ही प्रश्न सुटतात. तेव्हा साधी रीत कधी वृक्षाहूनही स्वस्त पडते. पण कधी पडेल ते आधी सांगता येत नाही. वृक्षाचे वैशिष्ट्य असे की डबे कोणत्याही क्रमाने लावले तरी नऊच्या वर तुलना लागत नाहीत. विजेत्याला प्रत्येक फेरीत एकच तुलना करावी लागते, फेऱ्या तीन, म्हणून उमेदवारही तीनच. डबे दुप्पट केले तर फेरी एकानेच वाढते. सोळा डब्यांना चार फेऱ्या, उमेदवार चार, तुलना पंधरा अधिक तीन, म्हणजे अठरा. साध्या रीतीने प्रसंगी एकोणतीस लागतील. शंभर वस्तू असतील तर सात फेऱ्या होतात आणि वृक्षाने अधिकात अधिक एकशे पाच तुलना लागतात. साध्या रीतीने एकशे सत्त्याण्णवपर्यंत मजल जाऊ शकते. नियम असा : वस्तूंच्या संख्येतून दोन वजा करून त्यात फेऱ्यांची संख्या मिळवावी.

याहून अधिक चतुर रीत निघणारच नाही कशावरून? हा प्रश्न गणिती लोकांनाही बराच काळ अडवून बसला होता. कॅरोल यांचा कटाक्ष न्यायावर होता. आपल्याहून वरचढ असे तीन खेळाडू ठरेपर्यंत कोणासही बाद करावयाचे नाही, अशी व्यवस्था त्यांनी पहिल्या तीन पारितोषिकांसाठी सुचविली. सामने कमीत कमी किती, हा त्यांचा प्रश्न नव्हता. तो प्रश्न पोलंडचे गणिती ह्यूगो स्टाइनहाउस यांनी 1930 च्या सुमारास पुढे मांडला. 1932 साली श्रायर यांनी वर सांगितलेली वृक्षाची रीत प्रसिद्ध केली व याहून कमी सामन्यांत काम होत नाही असेही प्रतिपादिले. परंतु त्यांची ती सिद्धता सदोष निघाली. निर्दोष सिद्धता 1964 साली रशियन गणिती किस्लिट्सिन यांनी दिली. तिचा मार्ग क्लिष्ट होता. पुढे यापेक्षा सोपी वाट सापडली, आणि ती चिंचोक्यांच्या साहाय्याने वर्गात दाखविता येते.

या खेळात तराजू बाजूस ठेवावा आणि एका चलाख मुलास उत्तरे देण्यास बसवावे. डब्यांची वजने ठरलेली नाहीत असे समजावयाचे. हा मुलगा विचारणाऱ्यांना जास्तीत जास्त त्रास होईल अशी उत्तरे देणार आहे. मात्र आधीच्या उत्तरांशी विसंगत उत्तर त्याने द्यावयाचे नाही. प्रत्येक डब्यावर एकेक चिंचोका ठेवावा. अजून एकदाही न हरलेले दोन डबे समोर आले, तर ज्यावर चिंचोके अधिक तो जड असे त्याने सांगावे आणि हरलेल्यावरील सर्व चिंचोके जिंकलेल्यावर ठेवावेत. चिंचोके सारखे असतील तर कोणालाही जड म्हणावे. न हरलेला आणि हरलेला समोर आले, तर न हरलेला जड. दोघेही हरलेले असतील, तर पूर्वीशी जुळेल असे काहीही सांगावे.

विजेता ठरतो तेव्हा आठही चिंचोके एकाच डब्यावर जमलेले असतात, कारण न हरलेला डबा तेवढा एकच उरलेला असतो. आता कोणत्याही एका तुलनेत डब्यावरचे चिंचोके फार तर दुप्पट होतात. जिंकणाऱ्याजवळ जितके, त्याहून अधिक हरणाऱ्याजवळ असूच शकत नाहीत. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. विचारणाऱ्यांनी प्रश्न कोणत्याही क्रमाने विचारले तरी विजेत्याला किमान तीन न हरलेल्या डब्यांना हरवावेच लागते. त्या तिघांची पहिली हार विजेत्याच्या हातची. त्यांपैकी दुसरा क्रमांक एकाचाच असणार, म्हणून उरलेले दोन आणखी कोणाकडून तरी एकेकदा हरले पाहिजेत. नाहीतर ते दुसरे नाहीत असे म्हणता येणार नाही. विजेत्याखेरीज सात डब्यांची पहिली हार, म्हणजे सात, आणि या दोघांची दुसरी हार, म्हणजे दोन. एका तुलनेत एकच हार होत असल्याने तुलना किमान नऊ. वृक्षाने नऊच लागल्या होत्या. तेव्हा आठ तुलनांत हमखास निर्णय देणारी रीत कोणी सांगू लागला, तर चिंचोक्यांचा हा मुलगा तिला अडकवील.

प्रत्यक्ष कामात मुलांची चूक बहुधा तर्कात होत नाही, नोंदीत होते. कोण जिंकले एवढेच लिहिले आणि कोणास हरवून जिंकले ते लिहिले नाही, तर विजेता मिळतो पण उमेदवारांची यादी हरवते. मग तुलना पुन्हा कराव्या लागतात आणि साराच लाभ जातो. म्हणून हरलेल्याचे अक्षर पुसू नये. फळ्यावर ते त्याच्या जागी राहू द्यावे.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. समजा, ग व घ यांच्या तुलनेत तराजूची दांडी नीट स्थिर होऊ न देता कोणी घ जड असे लिहिले. पुढे ख व घ यांत ख जिंकतो, अंतिम फेरीत ख ज ला हरवितो, उमेदवार क, घ आणि ज होतात, आणि ज दुसरा ठरतो. नऊ तुलनांत कोठेही विसंगती दिसत नाही. ग बिचारा पहिल्या फेरीतच बाहेर बसला आहे. त्याची कोणी आठवणही काढीत नाही. तुलना कमीत कमी केल्या म्हणजे त्यांत एकही फाजील तुलना उरत नाही, आणि फाजील तुलना नसली की चूक उघडी पाडणारा साक्षीदारही उरत नाही. काटकसरीची ही किंमत आहे. म्हणून आरंभी रिकामी पारडी समपातळीत येतात की नाही ते पाहावे, येत नसल्यास हलक्या पारड्यात कागदाचा कपटा ठेवून ती सारखी करावीत, आणि जेथे दांडी जवळजवळ आडवीच राहील तेथे डब्यांची पारडी बदलून तीच तुलना पुन्हा करावी. पारडी बदलल्यावर निकालही बदलला, तर दोष तराजूत आहे. दोन डबे खरोखरच समभार निघाले, तर कोणासही पुढे पाठवावे, परंतु नोंदीत बरोबरीची खूण करावी.

डबे आठ किंवा सोळा नसून तेरा असले, तर वृक्ष थोडा वाकडा होतो, इतकेच. पहिल्या फेरीत सहा जोड्या होतात व एकास पुढे चाल मिळते, सात उरतात. मग तीन जोड्या व एक पुढे चाल, नंतर दोन जोड्या, शेवटी एक. सहा, तीन, दोन आणि एक मिळून बारा तुलना. फेऱ्या चार, म्हणून उमेदवार फार तर चार आणि आणखी तुलना तीन; एकूण पंधरा. विजेत्याला मध्येच पुढे चाल मिळालेली असेल, तर त्याने हरविलेले डबे तितके कमी भरतील आणि तुलनाही वाचेल. एकाच डब्याला दोनदा पुढे चाल दिली तरी उत्तर चुकत नाही. खेळाच्या मैदानावर मात्र असे करणे अनुचित होईल, कारण तेथे विश्रांती हाही एक लाभ असतो.

मैदानावर ही रीत वापरताना आणखीही एक अडचण येते. आठ संघांच्या स्पर्धेत अंतिम सामन्यानंतर दोन जादा सामने ठेवावे लागतात : विजेत्याकडून पहिल्या फेरीत हरलेला संघ दुसऱ्या फेरीत हरलेल्याशी खेळतो आणि त्यांतील विजयी संघ अंतिम सामन्यात हरलेल्याशी. अंतिम सामन्यातील पराभूत संघ सर्वांत शेवटी ठेवल्याने त्यास थोडी विश्रांती मिळते व त्याला एकच जादा सामना खेळावा लागतो. पहिल्या फेरीत हरलेल्या संघाला गावी परत पाठविता येत नाही, कारण विजेता कोण ते ठरेपर्यंत कोणते संघ उमेदवार राहतील हे सांगता येत नाही. शिवाय विजेत्याकडून हरलेला संघ इतरांहून श्रेष्ठ असू शकेल, हा तर्क क ने ख ला व ख ने ग ला हरविले म्हणजे क ग ला हरवीलच, या गृहीतावर उभा आहे. कबड्डी-खोखोत हे गृहीत नेहमी खरे ठरत नाही. जेथे संघ चार-पाचच आहेत आणि दिवस हाताशी आहे, तेथे साखळी पद्धतीने प्रत्येकाचा प्रत्येकाशी सामना खेळविणे अधिक बरे. चार संघांचे सहाच सामने होतात. आठ संघांच्या साखळीला मात्र अठ्ठावीस सामने लागतात, आणि वृक्षाचे जादा सामन्यांसह नऊच. एका दिवसात व एकाच मैदानावर अठ्ठावीस सामने उरकत नाहीत, नऊ उरकतात.